मुंबईहून हनोई, परत बँकॉकहून: टी-टूच्या काउंटरवर नेमकं काय बघतात?

हर्षद_गोरेगाव
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आई, बाबा आणि मी व्हिएतनामला निघालोय. मुंबई–हनोई हे एका कंपनीचं एकेरी तिकीट आहे, दा नांग–बँकॉक दुसऱ्या कंपनीचं, आणि थोडे दिवस थायलंडमध्ये राहून बँकॉक–मुंबई तिसऱ्याच कंपनीचं. तिन्ही पीएनआर वेगळे. असं तोडून घेतल्यावर तिघांचे मिळून बरेच पैसे वाचले म्हणून घेतलं. व्हिएतनामचे ई-व्हिसा हातात आलेत, सिंगल एन्ट्री.

आता ऑफिसातला एक जण म्हणतो, एकेरी तिकीट दिसलं की काउंटरवरच बोर्डिंग पास अडवतात, मुंबईला परत येणारं त्याच कंपनीचं तिकीट लागतं. दुसरा म्हणतो, कोणी काही विचारत नाही, मोबाईलमध्ये पीडीएफ असली की झालं. हॉटेलं फक्त पहिल्या काही रात्रींची बुक केलीत. खरं काय? आणि छापून काय काय नेऊ?

बॅकपॅक_बंड्या
काही विचारत नाहीत रे. मी कायम एकेरी तिकिटावर फिरतो. अगदीच विचारलं तर डमी तिकीट काढायचं, नेटवर पाचेकशे रुपयांत मिळतं. पीएनआरसकट पीडीएफ येते. दाखवायची आणि विसरून जायचं.

मंगलाकाकू
हर्षद, परतीचं तिकीट जरूर ठेव बाळा. आम्ही लेकीकडे न्यू जर्सीला जातो तेव्हा सहा महिन्यांच्या आतलं परतीचं तिकीट काढूनच जातो. तिथला ऑफिसर विचारतोच, किती दिवस राहणार म्हणून. आणि आईबाबांसाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेव, रांग टळते.

हर्षद_गोरेगाव
काकू, धन्यवाद. पण तिथे उतरल्यावरचं नाही विचारत आहे मी. मुंबईत विमानात चढण्याआधीचं विचारतोय. आणि आई रोज आरे कॉलनीत चालायला जाते, व्हीलचेअर म्हटलं तर मलाच ढकलत नेईल.

सहारचा_जुना
बरीच वर्षं सहारला ग्राउंड हँडलिंगमध्ये काउंटरवर काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घ्या की काउंटरवरचा मुलगा किंवा मुलगी तुमचा न्याय करायला बसलेली नसते. व्हिसा नसलेला माणूस कंपनीने नेला आणि समोरच्या देशाने त्याला आत घेतलं नाही, तर त्याला परत आणायची जबाबदारी त्याच कंपनीवर येते. वर अनेक देश दंड लावतात. युरोपात हा दंड एका माणसामागे काही हजार युरोंत जातो. आपल्याकडेही २००० साली यासाठी कायदा झाला, त्यात एका प्रवाशामागे १ लाख रुपये दंड होता. २०२५ मध्ये परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा आला, त्यातही कंपन्यांची जबाबदारी कायम आहे. म्हणून कंपनीचा जीव त्या कागदांत अडकलेला असतो.

काउंटरवर टिमॅटिक नावाची यंत्रणा असते. आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना ती चालवते. नागरिकत्व, जायचा देश, वाटेतला देश, पासपोर्टची मुदत, कारण हे भरलं की त्या देशाचे नियम पडद्यावर येतात. या नियमांत दोन जाती आहेत आणि तुमचं उत्तर तिथेच आहे. काही देशांसाठी सरळ लिहिलेलं असतं की परतीचं किंवा पुढचं तिकीट असलंच पाहिजे. तिथे तिकीट नसेल तर काउंटरवाला हात वर करतो. काही देशांसाठी फक्त इशारा असतो, की असं तिकीट नसलेल्याला तिथे प्रवेश नाकारला जाऊ शकतो. या दुसऱ्या जातीत निर्णय कंपनीचा. एक सुपरवायझर सोडतो, दुसरा नाही सोडत. बंड्याला कोणी विचारलं नाही आणि हर्षदच्या ऑफिसातल्याला अडवलं, दोघंही खरंच बोलत असतील.

बॅकपॅक_बंड्या
म्हणजे माझं बरोबर निघालं की :)

सहारचा_जुना
तुला कोणी विचारलं नाही हे बरोबर. डमी तिकिटाचं नाही. त्यावर नंतर येतो, नातीला शाळेतून आणायचंय.

अश्विनी_मुलुंड
तोवर मी विचारते. पुढचं तिकीट म्हणजे मुंबईचंच लागतं की त्या देशातून बाहेर पडणारं कुठलंही चालतं? आम्ही बालीला गेलो तेव्हा विमानतळावर व्हिसा मिळणार होता, आणि काउंटरवर परतीचं तिकीट मागितलंच. पण आमचं एकच रिटर्न तिकीट होतं त्यामुळे प्रश्न आला नाही.

सहारचा_जुना
बाहेर पडणारं कुठलंही चालतं. इंडोनेशियाच्या ऑन अरायव्हल व्हिसाची ती अटच आहे, म्हणून तुमच्याकडे मागितलं. पुढचं तिकीट सिंगापूरचं असतं तरी चाललं असतं, मात्र तेव्हा काउंटरवाल्याने लगेच विचारलं असतं, सिंगापूरचा व्हिसा आहे का? कारण ज्या देशात तुम्हाला प्रवेशच नाही तिथलं तिकीट काय कामाचं.

हर्षदचं तसंच बघा. पहिल्या कंपनीच्या दृष्टीने त्याचा प्रवास हनोईला संपतो. ते व्हिएतनामचे नियम लावणार. दा नांग–बँकॉक तिकीट म्हणजे व्हिएतनाममधून बाहेर पडण्याचा पुरावा, आणि तो पुरेसा आहे. मुंबईचं तिकीट त्याच कंपनीचं पाहिजे असा नियम कुठेच नाही. पण पुरावा थायलंडचा दिलात की पुढचा प्रश्न थायलंडचा निघतो. भारतीयांना थायलंडने जुलै २०२४ मध्ये ६० दिवस बिनव्हिसाची सवलत दिली. असे निर्णय तिथे फिरतात, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा बघायचं. त्यामुळे बँकॉक–मुंबई तिकीटही त्याच गठ्ठ्यात ठेवा. तिन्ही तिकिटं तारखेच्या क्रमाने एकाखाली एक लावली की समोरच्याला विचार करावा लागत नाही. रात्री अडीच वाजता, मागे दोनशे माणसांची रांग असताना, याचा फार उपयोग होतो.

झेरॉक्सवाला_दादर
आमच्या धंद्याची जाहिरात केल्याबद्दल आभार.

कौस्तुभ_ऐरोली
@सहारचा_जुना काका, एक शंका. वेब चेक-इन केलं की बोर्डिंग पास घरीच येतो ना? मग काउंटरला जायचंच कशाला, फक्त केबिन बॅग असेल तर?

सहारचा_जुना
कागद लागणाऱ्या देशांसाठी बहुतेक कंपन्या वेबवर पूर्ण पास देत नाहीत. कागदपत्रं काउंटरवर तपासून घ्या अशा अर्थाचं काहीतरी येतं. काही कंपन्या पास देतात, पण कागद बघितल्याचा शिक्का किंवा खूण नसेल तर गेटवर नाव पुकारतात. तिथे अडकलात तर हातात वेळ उरत नाही. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, त्याआधी एकदा तोंड दाखवून यावं.

आता डमी तिकीट. त्यात दोन प्रकार विकले जातात. एक म्हणजे निव्वळ फोटोशॉप, त्यावर बोलायलाच नको, ती खोटी कागदपत्रं झाली. दुसऱ्यात एजंट खरोखर सीट धरतो, पीएनआर खरा असतो, पण पैसे भरलेले नसतात. अशा बुकिंगला मुदत असते. ती संपली की सिस्टीम आपोआप रद्द करते, कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांत. तुम्ही मंगळवारी घेतलं, शुक्रवारी काउंटरवर पोचलात, मुलीने त्या कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकलं, तर रिकामं पान. मग ती बाकीचेही सगळे कागद संशयाने बघायला लागते.

ओळखायचं कसं? मोठ्या कंपन्यांच्या खऱ्या तिकिटावर सहा अक्षरी पीएनआरशिवाय तेरा आकडी तिकीट नंबर असतो. पहिले तीन आकडे कंपनीचे, एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६. धरून ठेवलेल्या सीटला हा नंबरच नसतो. स्वस्त कंपन्यांच्या तिकिटावर मात्र तो बऱ्याचदा छापलेलाच नसतो, त्यामुळे नंबर नाही म्हणजे खोटंच, असंही म्हणता येत नाही. तिथे साइटवर बघणं हाच उपाय.

बॅकपॅक_बंड्या
काका, मान्य. पण मग खरोखर कधी परतायचं ते ठरलेलं नसेल तर माणसाने काय करायचं? दरवेळी तिकीट काढून फाडायचं?

अश्विनी_मुलुंड
आमच्या ओळखीचा एक मुलगा रिफंडेबल तिकीट काढतो आणि पोचल्यावर रद्द करतो. पैसे परत यायला वेळ लागतो एवढंच. शिवाय रद्द करायच्या आधी शुल्क बारकाईने वाचावं लागतं, रिफंडेबल लिहून सुद्धा कापतात.

सुहास_पार्ले
किंवा त्या देशातून शेजारच्या देशात जाणारं सर्वात स्वस्त खरं तिकीट काढायचं. आग्नेय आशियात दोन-तीन हजारांत मिळून जातं कधी कधी. वापरलं तर वापरलं. मी हो ची मिन्हहून नोम पेन्हचं बसचं तिकीट दाखवलं होतं, चाललं.

सहारचा_जुना
बसच्या तिकिटावर माझा भरवसा नाही. काही देशांच्या नियमांत जमिनीवरून बाहेर पडणं चालतं, पण काउंटरवाल्याला ते तपासता येत नाही. तुमचं चाललं, दुसऱ्याचं चालेलच असं नाही.

सुहास_पार्ले
काका, नियमात चालतं तर चालायला हवं ना. तपासता येत नाही हा कंपनीचा प्रश्न आहे, माझा कशाला?

सहारचा_जुना
तात्त्विकदृष्ट्या तुमचंच खरं. पण विमान त्यांचं आहे.

विजया_डोंबिवली
हर्षद, बाबांचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना आधी सरकारी परवानगी लागणारा, आहे का ते बघ. ईसीआरवाल्याला थायलंडला जाताच येत नाही, त्या यादीतला देश आहे तो.

कौस्तुभ_ऐरोली
विजयाताई, यादीत थायलंड आहे, पण ती अडचण नोकरीसाठी जाणाऱ्यांना. फिरायला जाणारा ईसीआरवाला जाऊ शकतो, मात्र व्हिसा लागत असेल तर तो आणि परतीचं तिकीट सोबत ठेवायचं. आणि वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांना ईसीआर लागतच नाही. हर्षदचे बाबा पन्नाशीच्या पुढचे असणारच. एक मात्र आहे, हा प्रश्न कंपनी नाही विचारत, आपलं इमिग्रेशन विचारतं. कोणाचा पासपोर्ट ईसीआर असेल तर भारतात परत येणारं तिकीट तिथे उपयोगी पडतं.

मंगलाकाकू
इमिग्रेशनवरून आठवलं. आमच्या शेजारचा मुलगा एकटाच बँकॉकला निघाला होता, त्याला आपल्याच लोकांनी अर्धा तास बसवून ठेवलं. नोकरी कुठे, पगार किती, हॉटेल कुठलं, पैसे कोणी भरले. विमान मिळालं, पण आईचा जीव टांगणीला.

कौस्तुभ_ऐरोली
काकू, त्यामागे कारण आहे. थायलंडमधून म्यानमार, कंबोडिया, लाओसला नेऊन मुलांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून त्याबद्दल इशारे दिलेत. एकटा तरुण, एकेरी तिकीट, हॉटेलचं बुकिंग नाही, असं दिसलं की विचारतात. हॉटेलचा कागद कंपनीपेक्षा तिथेच जास्त कामाला येतो.

हर्षद_गोरेगाव
सगळ्यांचे आभार, फारच कामाचं निघालं. आता घरी कागद काढून बसलो तर नवीनच भानगड. बाबांच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात त्यांचं आणि आजोबांचं अशी दोन्ही नावं आहेत, आडनाव वेगळ्या रकान्यात. व्हिसाचा अर्ज कॉलनीतल्या एजंटने भरला. ई-व्हिसावर फक्त बाबांचं नाव आणि आडनाव आहे, आजोबांचं नाव गायब. पासपोर्ट नंबर, जन्मतारीख बरोबर. आई आणि माझं नाव पूर्ण आलंय. एजंट म्हणतो, काही होत नाही, भारतीयांचं सगळीकडे असंच असतं.

सहारचा_जुना
एजंट काउंटरवर नसतो ना. हे मात्र होऊ शकतं, आणि मराठी घरांत फार होतं, कारण आपण वडिलांचं नाव मधलं नाव समजतो आणि पासपोर्ट ते नावाचाच भाग समजतो. फॉर्म भरताना पासपोर्टच्या फोटोखालच्या दोन ओळी बघायच्या. यंत्र तेच वाचतं. समजा नाव सुरेश बबन पाटील, तर पहिली ओळ अशी येते:

```
P<INDPATIL<<SURESH<BABAN<<<<<<
```

दोन बाण आले की आडनाव संपलं. त्यापुढे जे काही आहे ते सगळं फॉर्मच्या मधलं-आणि-पहिलं नाव या रकान्यात गेलं पाहिजे. व्हिएतनामच्या फॉर्ममध्ये तो रकाना तसाच आहे, आडनावाचा वेगळा. सुरेश एवढंच लिहून बबन सोडला, तर यंत्रातलं नाव आणि व्हिसावरचं नाव जुळत नाही.

आणि आपला पासपोर्ट नंबर म्हणजे एक अक्षर आणि सात आकडे. त्यामुळे पहिल्या अक्षरानंतर गोल दिसलं तर ते शून्यच, ओ असूच शकत नाही. व्हिसावर तिथे ओ छापला गेला असेल तर तोही दुसराच पासपोर्ट ठरतो. तिघांचंही भिंगाने तपासा.

बॅकपॅक_बंड्या
पण काका, मधलं नाव नसलं म्हणून कोणी खरंच परत पाठवतं का? माझ्या मित्राचं असंच होतं, तो गेला आणि आला.

सहारचा_जुना
बहुतेक वेळा जातात. पण बहुतेक वेळा म्हणजे काय ते रात्री अडीच वाजता कळतं. सुपरवायझरने नाही म्हटलं तर तिथे वाद घालून उपयोग नसतो, कारण पुढे अडवलं तर प्रवासी त्याच्या गळ्यात पडतो. हर्षदच्या हातात वेळ आहे, त्याने नवीन अर्ज करावा. सिंगल एन्ट्रीची फी २५ डॉलर आहे, आधीची परत मिळत नाही. कामाचे तीन दिवस सांगतात, शनिवार-रविवार धरू नका, आणि जास्तच लागतील असं समजून चाला. अर्ज सरकारी साइटवरच, पत्ता evisa.gov.vn. तसंच दिसणाऱ्या बऱ्याच साइट आहेत, त्या दुप्पट-तिप्पट घेतात.

नवा व्हिसा आला की जुना सोबत नेऊ नका. दोन व्हिसा दिसले की चार प्रश्न वाढतात.

नीलेश_कांदिवली
माझं एक सांगू? ई-व्हिसावर सुरू होण्याची तारीख असते, ती पोचायच्या दिवसाची बघा. आपल्याकडची विमानं मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात. १४ तारखेला रात्री अकरा पंचावन्नला निघालात तर हनोईत १५ उजाडलेली असते, तिथे प्रश्न नाही. पण तारखेचा घोळ करून कोणी व्हिसा १६ पासून मागितला तर अडकला. प्रवेशाचं ठिकाणही छापलेलं असतं. व्हिसावर हो ची मिन्ह आणि विमान हनोईचं, हेही बघतात.

अश्विनी_मुलुंड
आणि थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड विसरू नका. मे २०२५ पासून लागतं, फुकट आहे, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. त्यात राहण्याचा पत्ता मागतात, म्हणून तिथलं निदान पहिलं हॉटेल तरी ठरलेलं हवं. म्हणजे तुमची बँकॉकची पहिली रात्र, हनोईची नव्हे. ते मुंबईत नाही, दा नांगच्या काउंटरवर मागू शकतात. मोबाईलवर क्यूआर ठेवला तरी चालतो.

झेरॉक्सवाला_दादर
कागदावरच ठेवा. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

हर्षद_गोरेगाव
परत आलो मंडळी! उशिरा का होईना, काय झालं ते लिहितो.

बाबांचा नवा व्हिसा आठवड्याच्या आत आला, पूर्ण नावाने. टी-टूच्या काउंटरवर मुलीने पासपोर्ट यंत्रात टाकले, तिन्ही ई-व्हिसा कागदावर घेऊन नंबर बोट ठेवून वाचले, नावं जुळवली. मग विचारलं, रिटर्न? मी दा नांग–बँकॉक दिलं. तिने थोडा वेळ पडद्यावर बघितलं आणि विचारलं, बँकॉकहून पुढे? ते तिकीट दिलं. तिकिटांची साइटवर तपासणी केली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. हॉटेल कोणीच विचारलं नाही. आपल्या इमिग्रेशनला बाबांनी स्वतःहून हॉटेलची बुकिंगं पुढे केली, ऑफिसरने बघितलीही नाहीत.

दा नांगला मात्र उलटं. तिथे थायलंडच्या अरायव्हल कार्डाचा क्यूआर मागितला आणि मुंबईचं तिकीट नीट वाचलं. आमच्या पुढच्या जोडप्याकडे पुढचं तिकीट नव्हतं, ते बाजूला उभं राहून मोबाईलवर तिकीट काढत होतं. त्यांचं काय झालं कळलं नाही.

सुहास_पार्ले
बसचं तिकीट दाखवलं का त्यांनी?

हर्षद_गोरेगाव
दा नांगहून बँकॉकला निघालेला माणूस बसचं कुठलं दाखवेल?

सुहास_पार्ले
थायलंडहून मलेशियाला ट्रेन जाते. मी पुढच्या वेळी तेच दाखवणार आहे, मग लिहीन इथे.

सहारचा_जुना
लिहा जरूर. आणि काउंटर उघडल्या उघडल्या जा, म्हणजे नाही म्हणाले तर विमानाचं काढायला वेळ राहील.